गरम झाली की बंद, गार झाली की चालू: क्रँक सेन्सर की इग्निशन मॉड्यूल?

माझ्या मावसभावाची पेट्रोलवर चालणारी, चार सिलिंडरची, मॅन्युअल गिअरची गाडी. सकाळी अर्ध्या सेल्फमध्ये चालू व्हायची, वीस-पंचवीस मिनिटं सुरेख पळायची आणि मग कोणीतरी चावी फिरवावी तशी बंद पडायची. आचका नाही, मिसिंग नाही, दिवा नाही. सेल्फ जोरात फिरायचा, बॅटरीत दम होता, पण इंजिन पकडायचं नाही. बॉनेट उघडून पाऊण तास उभं राहिलं की पुन्हा अर्ध्या सेल्फमध्ये चालू. माझ्याकडे आणेपर्यंत त्यानं फ्युएल पंप, फ्युएल फिल्टर आणि चारही प्लग बदलून घेतले होते. एका गॅरेजात गाडी दोन दिवस ठेवली, तिथे ती एकदाही बंद पडली नाही. "दादा, मिस्त्री दिसला की ती शहाण्यासारखी वागते," असं तो म्हणाला.

शहाणपण कसलं, ती तिथे पोचेपर्यंत गार झालेली असते. या बिघाडात अवघड एवढंच आहे. जो भाग गेलाय तो गार असताना खरोखर चांगला असतो. मीटर लावा, स्कॅनर लावा, सगळं बरोबर दाखवतो. म्हणून गाडी बंद पडल्यानंतरची पहिली दहा-पंधरा मिनिटं हीच काय ती तपासणीची वेळ. त्या वेळेत काय बघायचं हे आधीच ठरलेलं असेल, तर दोन-तीन फेऱ्यांत निकाल लागतो. नाहीतर एकेक सुटा भाग बदलत वर्ष जातं.

त्याआधी एक सांगून ठेवतो. चालत्या गाडीत इंजिन बंद पडलं की पॉवर स्टिअरिंगची मदत जाते आणि स्टिअरिंग एकदम जड होतं. ब्रेकच्या बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम एक-दोन दाबांपुरताच पुरतो, त्यामुळे ब्रेक पंप करत बसू नका. एकदाच ठाम दाबून गाडी कडेला घ्या, हझार्ड लावा. आणि चावी पूर्ण मागे फिरवू नका, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. निदान होईपर्यंत ही गाडी भरधाव रस्त्यावर नेऊ नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

पहिला साक्षीदार: आरपीएमचा काटा

भावाला मी पहिला प्रश्न विचारला तो हा, की बंद पडते त्या क्षणी आरपीएमचा काटा काय करतो? त्याला सांगता येईना. बहुतेकांना येत नाही, कारण त्या वेळी सगळ्यांची नजर रस्त्यावर आणि आरशात असते, आणि ते योग्यच आहे. म्हणून पुढच्या वेळी शेजारी बसलेल्यानं मोबाइलवर डॅशबोर्डचं चित्रण चालू ठेवायचं असं ठरलं.

काट्याला इतकं महत्त्व का, ते बघू. गाडी चौथ्या गिअरमध्ये पळते आहे, क्लच सोडलेला आहे. अशा वेळी इंजिन बंद पडलं तरी ते फिरायचं थांबत नाही. चाकं गिअरबॉक्समार्फत क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याला, फिरवत राहतात. पेट्रोल संपल्यामुळे किंवा पंप दमल्यामुळे इंजिन गेलं असेल, तर काटा गाडीच्या वेगाबरोबर सावकाश खाली येतो, कारण क्रँकशाफ्ट फिरते आहे आणि क्रँक सेन्सर ते बघतो आहे. पण इंजिन प्रत्यक्ष फिरत असताना काटा धप्पकन शून्यावर आला, तर सेन्सरनं डोळे मिटलेत. गाडीच्या संगणकाच्या लेखी क्रँकशाफ्ट थांबली आहे, म्हणून त्यानं प्लगचा करंटही तोडला आणि इंजेक्टरही बंद केले.

भावाच्या चित्रणात काटा अडीच हजारांवरून थेट शून्यावर आला आणि स्पीडोमीटर साठच्या पुढेच होता. बंद पडण्याच्या साधारण दहा सेकंद आधी काटा एकदा किंचित फडफडलाही होता. गाडी चालवणाऱ्याला ते कळलं नव्हतं.

या खुणेला दोन अपवाद आहेत. ऑटोमॅटिक गाडीत चाकं इंजिनाला अशी फिरवत राहतीलच असं नाही, तिथे काट्यावर भिस्त ठेवू नये. आणि इग्निशन स्विच किंवा मेन रिलेनं दगा दिला तरी काटा शून्यावर येतो. पण स्विच गेला असेल तर डॅशबोर्डवरची इतरही बरीच मंडळी त्याच्याबरोबर झोपतात. मेन रिले गेला असेल तर पुन्हा चावी ऑन केल्यावर चेक इंजिनचा दिवा लागतच नाही, कारण संगणकालाच वीज मिळत नसते. दिवा नेहमीसारखा लागत असेल तर संगणक जागा आहे, पुढे चला.

गरमीनं नेमकं काय तुटतं

क्रँक सेन्सर दोन जातींचे असतात. जुन्या आणि अजूनही पुष्कळ गाड्यांत असलेली जात म्हणजे दोन तारांची: आत एक चुंबक, त्याच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे शेकडो-हजारो वेढे. समोरून दातेरी चाक फिरलं की प्रत्येक दात एक छोटा विद्युत हेलकावा निर्माण करतो. बऱ्याच गाड्यांत हे चाक साठ दातांचं असून त्यातले दोन दात मुद्दाम गाळलेले असतात. ती फट आली की संगणकाला कळतं, आता क्रँकशाफ्ट अमुक कोनात आहे.

ही सगळी गुंडाळी प्लॅस्टिकमध्ये ओतून बंद केलेली असते. प्लॅस्टिक तापल्यावर तांब्यापेक्षा जास्त फुगतं. वर्षानुवर्षं हे फुगणं-आकसणं चालतं आणि एक दिवस बारीक तार कुठेतरी, बहुधा ती जाड पिनेला जोडलेली असते तिथे, तडकते. गार असताना तडकलेली दोन टोकं एकमेकांना चिकटून असतात, वीज जाते. तापलं की केसभर फट पडते आणि सिग्नल संपतो. गार झालं की टोकं परत भेटतात.

दुसरी जात तीन तारांची, हॉल सेन्सरची. त्यात एक छोटी चिप असते, तिला वीज पुरवावी लागते आणि ती चौकोनी सिग्नल देते. तीही उष्णतेनं अशीच रुसते. फरक तपासणीत पडतो, तो पुढे येईल.

इग्निशन मॉड्यूलचा मामला थोडा वेगळा. त्यातला पॉवर ट्रान्झिस्टर प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या कॉइलचा प्रवाह सेकंदाला कितीतरी वेळा जोडतो आणि तोडतो. प्रवाह काही अँपिअरचा असतो, म्हणून मॉड्यूल बाहेरच्या गरमीनं तापतंच, शिवाय स्वतःच्या कामानंही तापतं. ती उष्णता मागच्या धातूच्या पाटीतून बॉडीत जावी यासाठी मधे उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावलेली असते. ती वाळली की ट्रान्झिस्टर भाजतो आणि आतले जोड सुटू लागतात. हे सुटं मॉड्यूल मुख्यतः डिस्ट्रिब्युटर असलेल्या जुन्या गाड्यांत भेटतं. नव्या गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असते आणि तिचं मॉड्यूल बहुधा तिच्यातच किंवा संगणकात असतं. तिथे एक मॉड्यूल गेलं तर एकच सिलिंडर मिसिंग करतो, आख्खी गाडी बंद पडत नाही. म्हणजे प्रत्येक प्लगवर कॉइल असलेली गाडी तडक बंद पडत असेल, तर मॉड्यूलवर संशय घेण्यात अर्थ नाही.

आणखी एक गोष्ट लोकांना कोड्यात टाकते. गाडी पळताना ठीक असते, कुठेतरी दहा मिनिटं थांबवली, परत सेल्फ मारला तर चालू होत नाही. "बंद करून ठेवली होती, मग गरम कशी?" तर इंजिन बंद केल्यावर पाणी फिरायचं थांबतं, वारा थांबतो, आणि धातूत साठलेली उष्णता आसपासच्या भागांत झिरपते. बॉनेटखालचे भाग बंद केल्यानंतरची काही मिनिटं चालत्या गाडीपेक्षाही जास्त तापतात. सेन्सर काठावर असेल तर तो नेमका तेव्हा जातो.

बंद पडल्यावरची दहा मिनिटं

भावाच्या गाडीत मी एक पिशवी ठेवली: साधा स्कॅनर, मल्टिमीटर, स्पार्क टेस्टर, जाड फडकं आणि पाण्याची स्प्रे बाटली. मग दोघं फिरायला निघालो. तेविसाव्या मिनिटाला, एका लांबलचक चढावर गाडी बंद पडली. इतकं बरं मला क्वचितच वाटलं असेल.

कडेला घेतल्यावर पहिलं काम स्कॅनर लावणं. लाइव्ह डेटात इंजिन आरपीएम उघडून सेल्फ पाच सेकंद मारला. चांगल्या गाडीत सेल्फ फिरताना १५० ते ३०० च्या आसपास आकडा दिसतो. इथे सेल्फ फिरत होता आणि आकडा शून्यावर गोठलेला. स्वस्त स्कॅनर आकडा उशिरा बदलतात, म्हणून एक-दोन सेकंदांत निष्कर्ष काढू नये. पाच सेकंद शून्य म्हणजे शून्य. उलटीकडून मात्र सावध राहा: काही गाड्यांचे संगणक क्रँक सेन्सर गेल्यावर कॅम सेन्सरवरून, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणाऱ्या कॅमशाफ्टकडे बघणाऱ्या सेन्सरवरून, अंदाजानं आकडा दाखवतात, आणि काही तर त्यावरच लांब सेल्फ मारून चालूही होतात.

दुसरं काम कान देणं. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून फ्युएल पंपाचा दोनेक सेकंद गुणगुणाट आला आणि थांबला. ते बरोबर आहे. संगणक टाकीतून दाब भरून घेतो आणि क्रँकशाफ्ट फिरल्याचा सिग्नल येईपर्यंत पंप बंद ठेवतो. आता सेल्फ मारताना पंपाच्या पिनांवर मीटर लावलं तर वीज नाही. भावाच्या आधीच्या मिस्त्रीनं इथेच फसवून घेतलं होतं. गरम गाडीत सेल्फ मारताना पंप चालत नाही, एवढं त्यानं बरोबर पाहिलं आणि पंप बदलून टाकला. पण चावी ऑन केल्यावर तो दोन सेकंद चालतो, म्हणजे पंप, फ्यूज, रिले तिन्ही ठीक. पंप बंद नव्हता, त्याला कोणी चालायला सांगत नव्हतं.

तिसरं, करंट. एका प्लगची कॉइल काढून तिला स्पार्क टेस्टर लावला, टेस्टरचा चिमटा इंजिनाच्या उघड्या धातूला पक्का पकडवला, इंजेक्टरचे कपलर काढून ठेवले आणि सेल्फ मारला. ठिणगी नाही. प्लग हातात धरून किंवा कॉइल हवेत लटकवून ठिणगी बघायची पद्धत सोडून द्या. हजारो व्होल्टचा दाब वाट मिळाली नाही तर स्वतः वाट काढतो, तुमच्या हातातून तरी नाहीतर कॉइलच्या आतल्या इन्शुलेशनमधून तरी.

चौथी खूण नाकाची, आणि क्रँक सेन्सर व मॉड्यूल यांचं भांडण बहुतेक वेळा तीच मिटवते. क्रँक सेन्सर गेला की करंटबरोबर इंजेक्टरही थांबतात. कितीही सेल्फ मारा, सायलेन्सरला पेट्रोलचा वास येत नाही आणि प्लग काढला तर कोरडा. मॉड्यूल गेलं की करंट तेवढा जातो. क्रँकचा सिग्नल शाबूत असल्यामुळे इंजेक्टर इमानदारीनं पेट्रोल ओतत राहतात. दोन-तीन सेल्फनंतर वास येतो, प्लग ओला निघतो, स्कॅनरवर आरपीएम दिसत असतो, पंपही चालू असतो. त्या स्थितीत सेल्फ मारत बसू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि गाडी चालू झाली की ते तिथे जळतं. डिस्ट्रिब्युटरच्या आतच क्रँक सेन्सरचं काम करणारी पिकअप कॉइल असलेल्या जुन्या गाड्यांत मात्र वासाची खूण चालेलच असं नाही. कार्ब्युरेटर असेल तर पेट्रोल तसंही ओढलं जातं आणि वास दोन्ही बाबतींत येतो.

भावाच्या गाडीला वास नव्हता, प्लग कोरडा होता. मग पाचवं काम. सेन्सर बेलहाऊसिंगवर, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या आवरणावर होता, फ्लायव्हीलच्या दातांसमोर. फडकं ओलं करून फक्त सेन्सरच्या डोक्यावर दाबून धरलं, वर थोडी फवारणी केली. दोन मिनिटांनी सेल्फ मारला तर इंजिन पकडलं. नेहमी पाऊण तास लागतो, आज दोन मिनिटं. एवढं करताना बादलीभर पाणी तापलेल्या इंजिनावर किंवा एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर ओतू नका, बीड धातूला तडे जातात. आणि रेडिएटरचा पंखा चावी बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो, हात आणि बाह्या लांब ठेवा.

कोडचं काय, असं विचाराल. आमच्या स्कॅनरवर बिघाडाचा एकही कोड नव्हता. असायला हवा असतो तो क्रँक सेन्सरचा P0335, P0336 किंवा P0339. यातला शेवटचा अधूनमधून तुटणाऱ्या सिग्नलसाठीच आहे. पण संगणकाच्या बाजूनं विचार केला तर कोड न येणं समजतं. क्रँकचे हेलकावे थांबले म्हणजे इंजिन थांबलं, असंच त्याला वाटतं, आणि इंजिन थांबणं हा गुन्हा नाही. कॅम सेन्सर फिरताना दिसतोय आणि क्रँक गप्प आहे, हे काही वेळ जुळून आलं तरच तो तक्रार नोंदवतो. त्यामुळे कोड आला तर चांगलंच, पण नाही आला म्हणून सेन्सर निर्दोष ठरत नाही. कोड असेल तर त्याच्यासोबत गोठवून ठेवलेली माहितीही उघडून बघा. कूलंटचं तापमान दर वेळी ऐंशी-नव्वदच्या वर सापडलं तर गरमीशी नातं पक्कं.

पिशवी, गरम पाणी आणि मीटर

ओल्या फडक्यानं सेन्सरच दोषी असल्याचं जवळजवळ सिद्ध झालं होतं. जवळजवळ एवढ्यासाठी, की पाण्यानं सेन्सरबरोबर त्याचा कपलर आणि वीतभर वायरही गार झाली होती. दोष नेमका कुठे, हे बघायला सेन्सर सोडवून घरी आणला.

आधीच्या गॅरेजनंही हा सेन्सर तपासला होता आणि "ओके" लिहून दिलं होतं. गार असताना मी मोजला तेव्हा ५६० ओहम आले. पुस्तकातल्या मर्यादेत चोख बसणारा आकडा. (हा आकडा गाडीगणिक वेगळा असतो, कुठे दोनशेच्या घरात तर कुठे हजाराच्या वर. आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच धरा.)

मग सेन्सर पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, हवा दाबून काढली, कपलरचं टोक आणि मीटरच्या तारा पिशवीच्या तोंडाबाहेर ठेवल्या आणि नुकत्याच उकळलेल्या पाण्याच्या भांड्यात पिशवी सोडली. पाणी पिशवीत शिरता कामा नये आणि कपलर कोरडा हवा, एवढीच अट.

आकडा चढू लागला. इथे घाई करणारे चुकतात, कारण चढणं हा दोष नाही. तांब्याचा रोध दर दहा अंशांना साधारण चार टक्क्यांनी वाढतो. २५ अंशांना ५६० असेल तर ८५ अंशांना ६९० च्या आसपास यायलाच हवा. निरोगी सेन्सर असा सलग, संथ चढतो आणि एका जागी स्थिरावतो. आमचा ५८०, ६१०, ६४० करत ६७० पर्यंत शहाण्यासारखा गेला. मग आकडा दोनदा उडाला आणि मीटरवर OL आलं. तार तुटली. ६७० म्हणजे तांबं साधारण ७५ अंशांवर होतं; गुंडाळीनं स्वतःच आपलं मरणाचं तापमान सांगितलं.

त्याहून बोलकं पुढे घडलं. पिशवी बाहेर काढली तरी OL तसंच राहिलं. टेबलावर ठेवून आम्ही बघत बसलो. बराच वेळ काही नाही, मग अचानक मीटरवर ५९० आला. म्हणजे गुंडाळी चाळीसेक अंशांवर आल्यावर टोकं पुन्हा जुळली. पंच्याहत्तरला तुटते पण चाळीसला जुळते, या मधल्या अंतरातच पाऊण तासाच्या प्रतीक्षेचं उत्तर आहे. टेबलावर सुटा सेन्सर लवकर गार होतो. बेलहाऊसिंगच्या तापलेल्या धातूत घट्ट बसलेल्याला चाळीसपर्यंत उतरायला तेवढा वेळ लागणारच.

"म्हणजे गॅरेजवाले खोटं बोलले नव्हते," भाऊ म्हणाला. नव्हते. त्यांनी गार सेन्सर मोजला आणि गार सेन्सर खरंच चांगला होता.

हॉल सेन्सरला ही ओहमची चाचणी लावू नका, तिथे मिळणाऱ्या आकड्याला काही अर्थ नसतो. तो गाडीला जोडलेला असतानाच तपासायचा. बंद पडलेल्या अवस्थेत कपलरमागून पिन टोचून पुरवठा बघा, गाडीनुसार ५ किंवा १२ व्होल्ट. अर्थिंग बघा. मग पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हातानं सावकाश फिरवा आणि सिग्नलची तार बघा. दात आला-गेला की व्होल्टेज शून्य आणि पुरवठ्याच्या आसपास असं उड्या मारायला हवं. पुरवठा आणि अर्थिंग ठीक, दात फिरतायत, आणि सिग्नल एकाच जागी अडकलाय, तर सेन्सर गेला. गाडी रस्त्यावर बंद पडायची वाट बघायची नसेल तर हेअर ड्रायरनं सेन्सर तापवून हीच अवस्था आणता येते. हीट गन वापरत असाल तर लांबून, नाहीतर चांगला सेन्सरही तुम्हीच वितळवाल.

मॉड्यूल निघालं तर

वास आला, प्लग ओला, आरपीएम दिसतोय आणि ठिणगी नाही, अशी गाडी असेल तर मॉड्यूल ड्रायरनं तापवून बघा आणि मग ओल्या फडक्यानं गार करून बघा. दोन्ही दिशांनी वागणं जुळलं तर बदला. नुसतं बदलून मात्र थांबू नका. जुनं काढल्यावर मागची पाटी बघा. पेस्ट वाळून खडूसारखी झाली असेल, किंवा मधला भाग कोराच असेल, तर ते का मेलं ते कळलं. दोन्ही पृष्ठभाग चकचकीत पुसून उष्णतावाहक पेस्टचा पातळ, सलग थर द्या. कपलरमध्ये पाणी शिरू नये म्हणून लावतात ते पारदर्शक ग्रीस इथे चालत नाही. दिसायला सारखं, पण उष्णता नेण्याचं काम त्याचं नाही. या एका चुकीमुळे नवं मॉड्यूल महिन्याभरात जाताना मी दोनदा पाहिलंय.

त्याच वेळी कॉइलची प्रायमरी बाजूही मोजा. वेढे आपसात शॉर्ट झालेली कॉइल जास्त प्रवाह ओढते आणि मॉड्यूलमागून मॉड्यूल खाते. हा रोध एखाद्या ओहमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो, म्हणून आधी मीटरच्या दोन्ही तारा एकमेकींना टेकवून त्यांचा स्वतःचा आकडा बघा आणि तो वजा करा.

बसवताना आणि बसवल्यावर

भावाचा नवा सेन्सर बसवताना जुन्याच्या टोकाला काळी लव दिसली. चुंबक असल्यामुळे लोखंडाचा कीस चिकटतोच, थोडा असेल तर चालतं. बसायची जागा मात्र गंज आणि मळ काढून साफ केली. सेन्सर आणि दात यांच्यातलं अंतर बहुधा एक मिलिमीटरच्या आगेमागे असतं, त्यामुळे खाली राहिलेली गंजाची पापडीसुद्धा सिग्नल कमजोर करते. सेन्सर आत जात नसेल तर ठोकू नका. आतला चुंबक ठिसूळ असतो. ओ-रिंगला तेलाचं बोट लावून दाबून बसवा. बोल्ट छोटा असतो, त्यावर अंगातलं बळ काढू नका. मॅन्युअलमध्ये बहुधा ८ ते १० न्यूटन-मीटर लिहिलेलं सापडेल. वायर जुन्या क्लिपांतूनच न्या. एक क्लिप तुटली म्हणून मोकळी सोडलेली वायर एक्झॉस्टला टेकते आणि सहा महिन्यांनी तीच तक्रार परत येते.

सेन्सर बदलूनही गाडी बंद पडत असेल तर दुसरा सेन्सर मागवू नका, वायरिंगकडे वळा. संगणकाचा कपलर काढून तिकडच्या टोकाला सेन्सरच्या दोन पिनांमधला रोध मोजा. सेन्सरजवळ मोजलेला आकडा आणि हा सारखा यायला हवा. मीटर लावलेलं असतानाच कोणीतरी हार्नेस जागोजागी हलवा, कपलर वाकवा. आकडा उडाला तिथे दोष. दोन तारांच्या सेन्सरमध्ये यातली कुठलीही तार बॉडीशी जोडलेली दिसता कामा नये. आणि स्वस्तातला नकली सेन्सर बसवला असेल तर मनातली शंका तिथेच ठेवा. मी एकदा असा पाहिला ज्याच्या दोन तारा आतून उलट्या होत्या. गाडी चालू व्हायची, पण धक्के खात, कारण संगणक दाताची चुकीची कड वाचत होता.

डिझेल गाडीवाल्यांसाठी एकच ओळ: कॉमन रेल इंजिनात इग्निशन मॉड्यूल नसतं, पण क्रँक सेन्सर गेला की इंजेक्टर तसेच थांबतात, म्हणून वासाची आणि ठिणगीची खूण सोडून क्रँक सेन्सरबद्दलचं वरचं बाकी बहुतेक लागू आहे.

भावाच्या गाडीत नवा सेन्सर बसवल्यावर आम्ही तो चढ तीन वेळा चढलो, मग वर पोचल्यावर इंजिन बंद करून बरोबर दहा मिनिटं थांबलो, उष्णता झिरपायला वेळ दिला, आणि सेल्फ मारला. स्कॅनरवर आधी २१० दिसला आणि मग इंजिन पकडलं. काही गाड्यांना नवा सेन्सर बसवल्यावर स्कॅनरनं दातेरी चाकाची ओळख पुन्हा करून द्यावी लागते, नाहीतर मिसफायरचा खोटा कोड येतो. या गाडीला लागली नाही. जुना सेन्सर भावानं डॅशबोर्डच्या खणात ठेवलाय, कोणी "ओके" म्हणालं की त्याच्या हातात द्यायला.